आठचा वेग

मुंबई मॅरेथॉनमधल्या दहा किलोमीटरसाठी दादरच्या एका बँक अधिकाऱ्यानं नाव नोंदवलं आणि धावण्याआधी देणग्या गोळा केल्या. संस्था चांगली होती, त्यामुळे मेव्हण्यानंही पैसे दिले. मेव्हण्याचे पैसे घेतल्यावर माघारीची वाट बंद होते.

सराव अर्थातच सोसायटीच्या जिममध्ये. ट्रेडमिलवर साहेबांनी वेग ठेवला ताशी ८. म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं, दहा किलोमीटरला सव्वा तास. हिशेब बँकेतला, चुकणार कसा? अर्ध्या तासात चार किलोमीटर व्हायचे. घाम मात्र पट्ट्यावर टपटपायचा, कारण माणूस जागच्या जागी धावत असल्यानं अंगावर वारा येत नाही आणि घाम लवकर सुकत नाही. जिमचा एकमेव पंखा ट्रेनरच्या खुर्चीकडे वळवलेला.

त्या ट्रेनरचा एक टक्का चढाचा आग्रह होता. त्याला आधार आहे: जोन्स आणि डाउस्ट यांनी १९९६ साली दाखवलं की रस्त्यावरच्या हवेच्या विरोधाची भरपाई एवढ्या चढानं होते. पण ती ताशी साडेदहा आणि त्यापुढच्या वेगांसाठी. आठच्या वेगानं जाणाऱ्याला अडवण्याचे कष्ट हवा फारसे घेतच नाही.

मग एका रविवारी शिवाजी पार्क. पहिला किलोमीटर पाच मिनिटं पन्नास सेकंदांत! दुसऱ्याच्या शेवटी साहेब कट्ट्यावर, आणि तोंडातून शब्द फुटेना.

पाय तेच, फुप्फुसं तीच. फरक एवढाच की जिममध्ये वेग मोटर ठरवत होती. रस्त्यावर तो ठरवला पुढे चाललेल्या एका आजोबांनी, ज्यांना मागे टाकणं साहेबांना प्रतिष्ठेचं वाटलं. आठची सवय असलेलं शरीर त्यामुळे सव्वादहाच्या पुढे गेलं. सुरुवातीला दम जाणवत नाही, म्हणून हे कळायला किलोमीटरभर उशीर होतो. ओळखायची खूण सोपी: धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग कमी करायचा, लाजायचं नाही.

रस्त्याची आणखी एक खोडी असते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तो कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेनं, एकाच दिशेनं धावलं की एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघा तक्रार करतो. म्हणून फेरीची दिशा बदलत राहायची.

ट्रेडमिल सुटली नाही. मुसळधार पावसात तीच कामी येते. पण रविवारची लांब धाव आता रस्त्यावर, पहिला किलोमीटर मुद्दाम आठ मिनिटांत, त्याच आजोबांच्या शेजारून. मुदत ठेवींच्या व्याजदरांबद्दलचं त्यांचं गाऱ्हाणं चौथ्या किलोमीटरपर्यंत पुरतं, आणि साहेबांना प्रत्येक मुद्द्याला पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं लागतं.