काइंडली कन्फर्म

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला भाचीच्या मेलबॉक्सात पत्र पडलं. सुरुवात अर्थातच ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’. दिवस जवळजवळ संपला होता, पण शुभेच्छा अख्ख्या दिवसाच्या. पुढे मजकूर असा: आमच्या ‘नामांकित अमेरिकन क्लायंट’च्या पुणे ऑफिससाठी तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालं आहे. स्लॉट तीन, मंगळवारी सकाळी 9, 10 किंवा 11, ईएसटी. व्हिडिओ इंटरव्ह्यू, 45 मिनिटं, कॅमेरा ऑन. सोबत तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म 16, ऑफर लेटर, पॅन आणि आधार. आज सातपर्यंत काइंडली कन्फर्म.

सव्वा तासात एवढं सगळं. मुलगी ऑफिसातून घरी पोचायला त्याहून जास्त वेळ घेते.

या पत्रात एक नाव गाळलेलं आहे, कंपनीचं. नामांकित असूनही नाव नाही! आणि सातची घाई का, याचं उत्तर त्या गाळलेल्या नावातच आहे. पत्र कंपनीचं नव्हे, कन्सल्टन्सीचं. एकच जागा कंपनी बरेचदा तीन-चार कन्सल्टन्सींना वाटते आणि ज्याच्याकडून उमेदवाराचा सीव्ही आधी पोचला, उमेदवार त्याचा. तो रुजू झाला की फी मिळते, साधारण वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. दुसऱ्या कन्सल्टन्सीने तोच सीव्ही नंतर पाठवला तर कंपनीच्या यादीत ‘डुप्लिकेट’ असा शेरा पडतो, फीवरून दोघांची जुंपते आणि कटकट नको म्हणून काही कंपन्या उमेदवारालाच बाजूला ठेवतात. तेव्हा सातची मुदत कंपनीची असेलच असं नाही. ती बहुधा शेजारच्या कन्सल्टन्सीच्या आधी पोचण्याची शर्यत आहे, आणि त्यात घोडा आपण. नाव न विचारता दोघांना ‘हो’ कळवलं तर एकाच दाराशी दोनदा उभं राहायची वेळ येते. म्हणून पहिला प्रश्न कंपनी कोणती हा. दुसरा, माझा सीव्ही तिथे आधीच धाडला आहे का. शॉर्टलिस्ट झालं म्हणता, म्हणजे धाडलाच असणार. मग कन्फर्म कसलं मागता, हे एक कोडंच आहे.

आता स्लॉट. सकाळी 10 ईएसटी. महिना जुलै. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे सरकतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. उन्हाळ्यात तिथे ईडीटी चालते, ईएसटी नव्हे. पण रिक्रूटर बारा महिने ईएसटीच लिहितो, तोंडात बसलंय. खरोखर ईएसटी धरली तर दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. न्यूयॉर्कच्या भिंतीवरचं घड्याळ धरलं तर साडेसात. जो प्रामाणिकपणे गूगलला ‘ईएसटी’ घालून वेळ काढेल तो तासभर उशिरा उगवेल आणि त्याच्या नावापुढे ‘नो शो’ लागेल. पत्राला नुसतं ‘दुसरा स्लॉट चालेल’ असं उत्तर देणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. उत्तरात भारतीय वेळ लिहावी, ‘मंगळवार, रात्री 7.30, आयएसटी’, आणि तशीच कॅलेंडरची इन्व्हाइट मागावी. इन्व्हाइट आली नाही तर स्लॉट मिळालेलाच नाही, असं समजावं.

फॉरमॅटच्या ओळीत ‘कॅमेरा ऑन’ ठळक अक्षरांत आहे. त्याचा राग नको. एकाच्या नावावर दुसऱ्याने इंटरव्ह्यू देण्याचा धंदा आपल्याकडे चांगला चालतो, त्यामुळे चेहरा बघून घेणं रास्तच. पण 45 मिनिटांत होणार काय? कोड लिहून दाखवायचा, स्क्रीन शेअर करायची की नुसत्या गप्पा? समोर टीम लीड बसणार की मॅनेजर? यावर पत्र मौन. कारण बहुतेक वेळा रिक्रूटरलाही ते माहीत नसतं. पण विचारलं तर तो कंपनीला विचारतो.

खरी मेजवानी कागदपत्रांत आहे. इंटरव्ह्यूच्या आधी सॅलरी स्लिप कशाला? भाजीवाल्याने वांग्यांचा भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाचं पाकीट उघडून बघावं, तसा हा प्रकार. समजा, जागेसाठी कंपनीने 16 लाख राखलेत. भाचीचा सध्याचा पगार 9. स्लिप हातात आली की ‘30 टक्के हाइक देतो’ म्हणायचं, आकडा होतो 11 लाख 70 हजार. ती खूश आणि कंपनीचे सव्वाचार लाखांहून जास्त वाचले. काम तेच, जागा तीच. फक्त जुन्या मालकाची कंजुषी नव्याला वारशाने मिळाली. कॅलिफोर्नियात 2018 पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच कायद्याने बंदी आहे. तिकडे मुख्य ऑफिस असलेली कंपनी पुण्यात मात्र स्लिपा मागवते.

फॉर्म 16 तर त्याहून बोलका. त्यात गृहकर्जाचं व्याज दिसू शकतं, आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ताही. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो नोकरीसाठी कितपत ताणून धरेल, हे त्यावरून कळतं. आणि ई-आधारची पीडीएफ लोक पासवर्डसकट पाठवतात. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल! म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात. ओळखपत्र बघायचंच असेल तर कॅमेऱ्यापुढे धरता येतं. आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड प्रत आहे, शेवटचे चारच आकडे दाखवणारी. बाकीचे कागद ऑफरच्या वेळी. पडताळणी तेव्हाच व्हायची असते आणि तेव्हा ती नाकारू नये, कारण पगार फुगवून सांगणारेही कमी नाहीत. आणि कुणी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली, तर तो रिक्रूटरच नव्हे. तिथे उत्तर देत बसायचं कारण नाही.

भाचीने पावणेसातला उत्तर धाडलं. कंपनीचं नाव कळवा, ते कळल्यावर मंगळवार रात्री 7.30 आयएसटी नक्की, नाही जमलं तर 8.30. कोडिंग आहे का? माझी अपेक्षा 15 लाख. या जागेचं बजेट काय? कागदपत्रं ऑफरच्या टप्प्यावर देईन. निकाल कधीपर्यंत कळेल?

दहाव्या मिनिटाला फोन. ‘डिअर, स्लिप मँडेटरी आहे.’ ही म्हणाली, ऑफर द्या, त्याच दिवशी देते. पलीकडे जरा शांतता, मग कंपनीचं नाव आलं. मँडेटरी स्लिप ‘नंतर चालेल’वर आली. कोडिंग आहे, हेही चौकशी करून कळवलं. बजेट मात्र ‘मार्केट स्टँडर्डनुसार’.

आणि शेवटच्या प्रश्नाला लेखी उत्तर आलं: ‘वी विल गेट बॅक टू यू.’ त्यात तारीख नव्हती, वेळ नव्हती, चुकीची का होईना, ईएसटीसुद्धा नव्हती.