धानाला चावलेला डास

परकी भाषा कानावर पडली की माणसाला काहीच कळत नाही, हा समज चुकीचा आहे. त्याला भलतंच कळतं. भंडाऱ्याचा धान उत्पादक तेलंगणातल्या शेतकऱ्याचा व्हिडिओ लावतो आणि पहिल्याच मिनिटाला ‘वरी’ हा शब्द ऐकतो. तेलुगूत वरी म्हणजे धान. मराठी कानाला मात्र समोरचा माणूस उपवासाची भगर पेरतोय असं वाटतं. पुढे ‘नारू’ येतो. तेलुगूत नारू म्हणजे परे, रोवणीसाठी तयार केलेली रोपं. मराठीत नारू म्हणजे पायातून निघणारा तो जंत, ज्यापासून भारत मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली जाहीर केलं. थोडक्यात, व्हिडिओतला माणूस सांगतो ‘धानाचे परे चांगले आले’ आणि बघणारा ऐकतो ‘भगरीला नारू झाला’. तेव्हा बोलणं लिहून घेणारं, मग त्याचं मराठी करणारं आणि शेवटी सारांश देणारं यंत्र हाताशी असावं, याबद्दल माझं दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या तीन पायऱ्यांपैकी शेवटची सगळ्यात गोड असते, आणि म्हणूनच सगळ्यात लबाड.

एकच वाक्य घेऊन तिन्ही पायऱ्या उतरून पाहू. तेलुगू शेतकरी म्हणतो, “सुडिदोमा कनिपिंचगाने यूरिया वेयकंडि.” म्हणजे सुडिदोमा दिसताच युरिया टाकू नका. सल्ला पक्का आहे. नत्र जास्त झालं की धान हिरवागार, लुसलुशीत होतो आणि खोडाचा रस शोषणाऱ्या किडीची पंगत बसते. आता पहिली पायरी, ऐकून लिहिण्याची. तेलुगूत ‘वेयंडि’ म्हणजे टाका आणि ‘वेयकंडि’ म्हणजे टाकू नका. अख्खा नकार एका ‘क’वर उभा आहे. मागे मोटारपंप चालू असेल, बोलणाऱ्याच्या तोंडात घास असेल, तर तो ‘क’ सहज गळतो. गळला तरी उरलेलं वाक्य शुद्ध, सुबक आणि व्याकरणाला धरून असतं. यंत्राला शंका यायला काही कारणच उरत नाही.

दुसरी पायरी भाषांतराची. ‘दोमा’ म्हणजे डास आणि ‘सुडि’ म्हणजे भोवरा. ही कीड पडली की बांधीत गोल गोल चट्टे करपत जातात, म्हणून हे नाव. आपल्याकडे तिला तपकिरी तुडतुडे म्हणतात. शब्दाला शब्द ठेवणारं भाषांतर मात्र ‘भोवऱ्याचे डास’ असं काहीतरी लिहितं. त्यातून वाट इंग्रजीवरून गेली तर आणखी मजा. 2022 साली आलेलं व्हिस्पर हे लिप्यंकनाचं प्रसिद्ध यंत्र भाषांतर करतं ते फक्त इंग्रजीत. तिथून मराठीत यायला दुसरी गाडी पकडावी लागते. तेलुगू माणूस करप्याला ‘अग्गि तेगुलु’ म्हणतो, म्हणजे आगीचा रोग. आपला करपाही करपण्यावरूनच आलेला. दोन्ही भाषा शेजारणींसारख्या एकच गोष्ट सांगताहेत. पण मध्ये इंग्रजीचं स्टेशन लागलं की या रोगाचा ‘ब्लास्ट’ होतो आणि मराठीत उतरताना ‘स्फोट’. शेजारच्या घरी लंडनमार्गे जायची ही तऱ्हा आहे.

तिसरी पायरी सारांशाची. आतापर्यंतच्या बऱ्याच चुका निदान उघड्या होत्या. लिहिलेल्या मजकुरात तेच वाक्य चारदा आलं, की यंत्र अडखळलं हे दिसतं. भाषांतरात ‘भोवऱ्याचे डास’ वाचून कुणीही डोकं खाजवतं. सारांश ही सगळी लक्तरं धुऊन, इस्त्री करून हातात देतो: “डासांचा प्रादुर्भाव दिसताच युरिया द्यावा.” यात ‘भोवरा’ गेला, अडखळणं गेलं आणि डोकं खाजवायचं कारणही गेलं. तुडतुड्यांना मात्र जेवणाचं आमंत्रण गेलं.

नवी यंत्रं फार सुधारली आहेत, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. व्हिस्परला सुरुवातीला 6,80,000 तासांचा आवाज ऐकवला होता. त्यात तेलुगू ऐकून तेलुगूतच लिहायचा सराव पाच तासांहूनही कमी होता आणि मराठीचा तर एक तासही नव्हता. एवढ्यात माणसाला सासरची नावंसुद्धा पाठ होत नाहीत. आता मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारत गटाने केलेलं इंडिकट्रान्स2 इंग्रजीला वळसा घालून भारतीय भाषेतून भारतीय भाषेत भाषांतर करू शकतं. चुका कमी होतात हे मान्य. पण दर वाक्याला चुकणाऱ्यावर आपण नजर ठेवतो. शंभरात एकदा चुकणाऱ्यापुढे डोळे मिटतो. आणि ती एक चूक नेमकी ‘क’वर पडली तर उरलेल्या नव्व्याण्णव बरोबर वाक्यांचा हारतुरा करून घालायचा कुणाला?

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: व्हिडिओ आहे ना, मग चित्र बघा की! खोडाशी बसलेले तुडतुडे दिसले की डासाचं कोडं आपोआप सुटतं. हे बरोबर आहे. नावांच्या बाबतीत चित्र हा उत्तम दुभाषी आहे. पण न टाकलेला युरिया कॅमेऱ्यात दिसणार कसा? नकाराचं चित्र काढता येत नाही. आकड्यांचंही तेच. तुडतुड्यांसाठी दर दोन मीटरवर 20 सेंटिमीटरची मोकळी पट्टी ठेवायला सांगतात, म्हणजे बुंध्याशी वारा-ऊन पोचतं. (तेलुगूतला या पट्टीचा शब्द भाषांतरात ‘पदपथ’ होऊ शकतो, धानाच्या बांधीत नगरपालिका अवतरते.) तेलुगूत 20 म्हणजे ‘इरवै’ आणि 60 म्हणजे ‘अरवै’. फरक पहिल्या स्वराचा. 20 ची पट्टी ठेवली तर रानाचा अकरावा हिस्सा रिकामा राहतो. 60 ची ठेवली तर जवळजवळ चौथा हिस्सा. तुडतुड्यांनी खाल्लं असतं त्याहून जास्त सारांशाने खाल्लं, असं व्हायचं.

म्हणून सारांशाकडून मी फार थोडं मागतो. व्हिडिओ रोवणीचा की फवारणीचा, बघायचा की सोडायचा, एवढं त्याने सांगावं. आकडा आणि ‘करा-करू नका’ आलं की शेजारी मिनिट आणि सेकंद लिहावा. मग तिथे जाऊन, वेग कमी करून, आपल्या कानाने ऐकावं. तेलुगू येत नसली तरी चालते; ‘इरवै’, ‘अरवै’ आणि शेवटचं ‘कंडि’, एवढी तेलुगू चहा निवेपर्यंत पाठ होते. तरीही ऐकू आलं नाही, तर तो सल्ला मिळालाच नाही असं समजावं आणि साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात मराठीतच विचारावं. डासाची काळजी नको. खोड हलवून पाण्यावर काय पडतं ते पाहिलं, की तो डास नव्हे हे धुऱ्यावर उभं असलेलं पोरगंही सांगेल, आणि वर ‘भात’ म्हणालात तर हसेल, कारण त्याच्या लेखी भात ताटात असतो आणि बांधीत उभा असतो तो धान.