नवशिक्यांसाठी कार्यसूचना: स्टुटगार्ट ते चाकण, बाटली अखंड

चाकणच्या कारखान्यातून जर्मनीला ट्रेनिंगला जाणाऱ्या माणसाला कंपनी विम्याची, जॅकेटची आणि वेळेवर पोचण्याची सूचना लेखी देते. बाटलीची सूचना मात्र कोणी लेखी देत नाही. खरे तर व्हिसा येताच कँटीनमध्ये पहिली चर्चा बाटलीचीच होते. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील कृती आहे. ती पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्यांदा जाणारे कोणाचे ऐकत नाहीत.

निघण्यापूर्वी मागण्या लिहून घ्या. साहेब म्हणतील, “अरे, काहीही चालेल.” याचा अर्थ सिंगल माल्ट, एक लिटर, बारा वर्षांखालची नको. मेहुणा दोन सांगेल. शेजारचे काका म्हणतील, “जागा उरली तरच आण बरं का,” आणि जागा उरली की नाही हे स्वतः येऊन बघतील. बेरीज पाच लिटरच्या पुढे गेली, की कोणीतरी जाणकार आवाजात सांगेल, “विमानात पाच लिटर चालतात.” माहिती बरोबर आहे, पण ती भलत्या खिडकीवरची आहे. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली पेये प्रत्येक प्रवाशाला ५ लिटरपर्यंत नेता येतात, तीही मूळ बंद बाटलीत, हा विमानाच्या सुरक्षिततेचा नियम. भारतात उतरल्यावर मात्र कस्टम्सचा नियम लागतो. तिथे प्रौढ प्रवाशाला बिनशुल्क मिळतात फक्त २ लिटर. त्याहून जास्त असेल तर हिरव्या मार्गाने न जाता लाल मार्गाने जायचे, जाहीर करायचे आणि भरायचे. भरल्यावर मेहुण्याची बाटली त्याच्या लग्नातल्या आहेरापेक्षा महाग पडते.

या दोन लिटरांत एक बारकावा आहे, आणि बहुतेक गडबड तिथेच होते. सुटकेसमधून आणलेली दारू आणि मुंबईत उतरल्यावर आगमनाच्या ड्युटी-फ्रीमध्ये घेतलेली दारू ही दोन वेगळी खाती नाहीत. दोन्हींची बेरीज २ लिटर. पत्नी सोबत असेल तर तिचे दोन लिटर वेगळे. मुलाचे काहीच नाही, तो कितीही समजूतदार असला तरी.

आता हिशेब करून बघू. साहेबांचे एक लिटर जर्मनीहून वाहून आणण्याची गरज नाही. ती बाटली मुंबईच्या आगमन ड्युटी-फ्रीमध्ये मिळते, तेव्हा तिला अर्ध्या जगातून लगेज बेल्टवर आपटत आणण्यात काय हशील? ती उतरल्यावर घ्यायची. उरलेले एक लिटर अशा वस्तूला द्यायचे जी इथे मिळत नाही. स्टुटगार्टच्या उंटरट्युर्कहाइम भागात मर्सिडीजच्या जुन्या कारखान्याच्या डोक्यावर डोंगरउतारावर द्राक्षमळे आहेत. तिथल्या ट्रोलिंगर द्राक्षाची फिकट लाल वाइन बहुतेक तिथलेच लोक पिऊन संपवतात. शिवाय ती अनेकदा फिरकीच्या झाकणाच्या एक लिटरच्या बाटलीत येते. साहेबांचे एक आणि हे एक, बरोबर दोन. मेहुण्याला फोनवर शुभेच्छा.

बाटली निवडताना लेबल वाचण्याआधी तिचा बांधा बघा. ऱ्हाइनकडच्या रीसलिंगची उंच, निमुळती बाटली दिसायला देखणी, पण लांब मान सुटकेसमध्ये नेमकी चाकांच्या दांड्यावर टेकते. बुटकी, जाड तळाची, आखूड मानेची बाटली उत्तम. फ्रँकोनियातली चपटी बॉक्सबॉयटल तर आडवी ठेवली तरी घरंगळत नाही. झाकण फिरकीचे असेल तर निर्धास्त राहा. व्हिस्कीच्या टी आकाराच्या बुचावर तेवढा विश्वास ठेवू नका. विमानातली हवा साधारण २४०० मीटर उंचीच्या डोंगरावरच्या हवेइतकी विरळ होऊ शकते, सामानाच्या भागातही. मग बाटलीतली हवा फुगते आणि आडव्या बाटलीच्या सैल बुचातून दारू झिरपते. म्हणून हॉटेलच्या बेसिनवर बाटली दहा मिनिटे उलटी धरून टिश्यू पेपर लावून बघा. डाग पडला तर ती बाटली त्याच रात्री तिथेच प्यावी.

आता पॅकिंग. चाकणच्या माणसाने या बाबतीत शिकवणी घ्यावी लागणे ही शरमेची गोष्ट आहे. क्रँकशाफ्ट जपानला ओरखडा न पडता पोचवणारा इंजिनिअर स्वतःची बाटली मात्र एका टॉवेलात गुंडाळतो. काच दाबाला दणकट असते, ताणाला कच्ची. ती बहुधा पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यापासून फुटू लागते. त्यामुळे दोन बाटल्या एकमेकींना टेकणे हा सर्वांत मोठा गुन्हा. बाटली आधी घट्ट बंद होणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे फुटली तरी इस्त्रीचे शर्ट वाचतील. मग तिला बबल रॅपचे तीन वेढे द्या, मानेभोवती जास्त, कारण मानेभोवती पोकळी राहिली की तीच आधी जाते. मग कडक सुटकेसच्या मधोमध ठेवा. सहाही बाजूंनी निदान चार बोटे जाडीचे कपडे हवेत. बूट आणि चार्जर बाटलीपासून दूर, दुसऱ्या टोकाला.

बॅग बंद केल्यावर ती उचलून जोरात हलवा. आत काही सरकल्याची किंवा “खट्” अशी जाणीव झाली तर पुन्हा उघडा. आवाज म्हणजे जागा, जागा म्हणजे वेग, आणि वेग म्हणजे धक्का. खात्री हवी असेल तर चिंचवडला घरीच काचेच्या बाटलीत पाणी भरून, तशीच बांधून, बॅग कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडून बघा. कारखान्यात ड्रॉप टेस्ट करतोच की आपण. आई काय म्हणेल ते मात्र या सूचनेच्या कक्षेबाहेर आहे.

फ्रँकफर्टच्या ड्युटी-फ्रीमध्ये घेतलीच तर ती सीलबंद पारदर्शक पिशवीत पावतीसह मिळते. ती मुंबईपर्यंत उघडू नका. आखातात विमान बदलायचे असेल तर पुन्हा तपासणी होते, आणि सील फोडलेली बाटली तिथेच राहते.

मुंबईच्या बेल्टवर बॅग आली की हात फिरवा आणि वास घ्या. कोरडी असेल तर ती उघडू नका. नवशिके इथेच चुकतात. विमान संपले म्हणून बाटली बाहेर काढतात आणि कॅबच्या डिकीत मोकळी ठेवतात. एक्स्प्रेसवे सुरळीत जातो. पुढे तळेगावला उतरून चाकणचा रस्ता लागतो. त्या खड्ड्यांपुढे विमानतळावरचे हमाल हळुवार वाटतात. साहेबांची आगमनात घेतलेली बाटली या पट्ट्यात मांडीवर धरावी, दुसऱ्या हाताने मोबाइल बघू नये.

शेवटचे काम डिलिव्हरीचे. ती कारखान्यात करू नका. गेटवरचा सिक्युरिटीवाला बॅग उघडायला लावतो आणि मग साहेब तुम्हाला ओळखत नाहीत. घरी द्या, संध्याकाळी. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वय २५ आणि परवाना लागतो, तो साहेबांकडे असेलच. काका विचारतील, तेव्हा ट्रोलिंगरची बाटली दाखवा. रंग बघून ते म्हणतील, “ही तर फारच पातळ दिसतेय.” त्यांना एक पेला द्या.