खाऱ्या वाऱ्याचं बिल

मुरुडला समुद्र फुकट मिळतो, असा बदलीवर येणाऱ्यांचा समज असतो. खोली सोडताना तो फिटतो.

परवा बँकेतल्या एका पोराचा हिशेब पाहिला. घरमालक काका-काकूंच्याच घरातली वरची खोली. भाडं ५,००० रुपये, डिपॉझिट १०,०००, नोटीस महिन्याची. सगळं तोंडी, कारण ‘आपल्यात कसले कागद?’ पुन्हा बदली झाली, तेव्हा त्याने ३ नोव्हेंबरला सांगितलं, ‘काका, ३ डिसेंबरला निघतो.’ काकांनी मान डोलावली. पण त्यांच्या पंचांगात नोटीस पुढल्या एक तारखेलाच लागते. म्हणजे डिसेंबर पूर्ण भरायचा.

‘मग तेवढं डिपॉझिटमधून वळतं करा की.’

‘छे! भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं,’ काका म्हणाले. शेवटी दोन्ही डायरीच्या एकाच पानावर आली: भाडं ५,०००, रंग २,५००, पंखा नि खाटेचा गंज १,२००, वीज ६५०, साफसफाई ४००. बेरीज ९,७५०. पोराच्या हातावर २५० रुपये.

गंजाची रक्कम मला विशेष आवडली. समुद्रावरचा खारा वारा लोखंड खातो, पावसाळ्यात भिंतीला पोपडे येतात. खोली रिकामी असती तरी हे झालंच असतं. वापराने आणि हवेने होणारी झीज मालकाची, पाहुण्याने फोडलं-मोडलं ते पाहुण्याचं, असा साधा न्याय आहे. इथे ‘सी फेसिंग’ म्हणून भाडं घेताना समुद्र काकांचा, आणि गंज चढला की पोराचा! सरळ हिशेबाने तीन दिवसांचे साधारण ५०० नि विजेचे ६५० कापून ८,८५० परत यायला हवे होते.

बरं, रिकाम्या डिसेंबरचं भाडं भरलेली ती खोली रिकामी तरी राहिली का? नाताळात तिथे मुंबईचं कुटुंब उतरलं. महिना एक, भाडी दोन.

‘कायदा नाही का?’ पोराने विचारलं. आहे ना. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्यात पेइंग गेस्टची व्याख्या आहे: मालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग ज्याला दिला, तो. आणि ‘लायसेन्सी’च्या व्याख्येतून याच माणसाला नाव घेऊन वगळलंय. स्वतंत्र फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिला तर लेखी, नोंदणीकृत करार करायची जबाबदारी मालकावर येते. करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात. काकूंच्या हातची आमटी खाणाऱ्याला मात्र एवढंच विचारतील: काय ठरलं होतं, आणि पुरावा काय?

पुरावा म्हणजे आल्या दिवशी काढलेले भिंतीचे, पंख्याचे फोटो, मीटरचं रीडिंग, तारखेसह मेसेजवर दिलेली नोटीस. पोराकडे फोटो होते, पण सगळे जंजिऱ्याचे.

नवा भाडेकरू एक तारखेला येतोय. काकांनी पंखा अजून बदललेला नाही. तोच गंज पुढल्या हिशेबाला चालेल.