अंतराळात गेलेली मलई

फूड टेक्नॉलॉजीच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलं की मी चहाचा कप जरा लांबच ठेवतो. कोलॉइडच्या प्रश्नावर मुलं काय लिहितील याचा नेम नसतो आणि लाल शाईपेक्षा चहाचे डाग लपवणं अवघड.

प्रश्न साधा होता. कच्च्या दुधातल्या फॅटच्या थेंबाचा व्यास 4 मायक्रॉन, फॅट आणि भोवतालच्या द्रवाच्या घनतेतला फरक घनमीटरला 100 किलो, द्रवाची विष्यंदिता 1.5 मिलिपास्कल-सेकंद. तर थेंब किती वेगाने वर येईल? स्टोक्सचं सूत्र लावायचं. उत्तर येतं सेकंदाला 0.58 मायक्रॉन, म्हणजे दिवसाला साधारण 5 सेंटिमीटर. एका चिरंजीवांनी मायक्रॉनचे मीटर केलेच नाहीत. त्यांचा थेंब सेकंदाला 580 किलोमीटर वेगाने निघाला. पृथ्वीची ओढ तोडायला सेकंदाला 11 किलोमीटर पुरतात. बरं, उत्तराखाली दोन रेघा ओढून चौकटही आखलेली!

पुढचा उपप्रश्न होता, होमोजिनायझरमधून काढून थेंब अर्ध्या मायक्रॉनवर आणला तर? व्यास आठपट कमी, वेग चौसष्टपट कमी. दिवसाला एक मिलिमीटरसुद्धा नाही. वेग त्रिज्येच्या वर्गावर चालतो, एवढंच बघायचं होतं.

पण खरी गंमत ‘इमल्सिफायरचं कार्य लिहा’ इथे असते. नव्वद टक्के वर्ग लिहितो, ‘इमल्सिफायर मलई वर येऊ देत नाही.’ अहो, स्टोक्सच्या सूत्रात इमल्सिफायरचा रकानाच नाही! तो दाबाखाली फुटलेल्या थेंबांना झटपट वेढतो, म्हणून ते बारीक राहतात आणि एकमेकांत विलीन होत नाहीत. होमोजिनायझरमध्ये फॅटचा पृष्ठभाग एकदम वाढतो, तेव्हा दुधातलं केसीनच धावत येऊन नवं आवरण घालतं. वर येणं आणि विलीन होणं, दोन वेगळे रोग. ओळखायचं कसं? बाटली हलवा. मलई पुन्हा मिसळली तर थेंब शाबूत आहेत, फक्त वर गोळा झाले होते. वर तेलाचे डोळे तरंगत राहिले, तर आवरण फाटलं.

सूत्रावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनाही टोला द्यायला हवा. थंड केलेल्या कच्च्या गाईच्या दुधात मलई सूत्रापेक्षा कितीतरी लवकर वर येते, कारण अॅग्लुटिनिन नावाची प्रथिनं थेंबांचे घोस बांधतात आणि घोसाची त्रिज्या मोठी. म्हशीच्या दुधात हा प्रकार होत नाही. सूत्र गृहीत धरतं की प्रत्येक थेंब एकटा आहे. हे वाक्य कुणी लिहिलं तर मी न मागता एक गुण जास्त देतो.

तेव्हा पुढच्या बॅचला एवढीच विनंती: प्रश्नात व्यास दिला असेल तर आधी दोनाने भागा, मग मायक्रॉनचे मीटर करा, आणि चौकट त्यानंतर आखा.