दहापैकी दोन

प्रत्येक सोसायटीत एक तरी नाना असतातच. आमचे नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण तक्रार नोंदवहीची सवय काही सुटली नाही. घरात नळ गळो की मिक्सर बंद पडो, आधी वहीत क्रमांक पडतो आणि मग पक्कड बाहेर येते. इलेक्ट्रिशियनला बोलावणं म्हणजे त्यांच्या लेखी शरणागती.

परवा त्यांनी बिनतारी डोअरबेल आणली. ‘भिंत फोडायची नाही, वायर ओढायची नाही!’ हे त्यांनी मला जिन्यात तीनदा सांगितलं. टेबलावर बेल आणि बटण शेजारी ठेवून जोडणी केली. बेलचं बटण ती ‘टुंग’ करेपर्यंत दाबून धरायचं आणि लगेच दाराचं बटण दाबायचं, की दोघांची ओळख होते. झाली. मग मागची डबल टेप सोलून बटण लोखंडी सेफ्टी डोअरवर चिकटवलं आणि बेल खोचली स्वयंपाकघरात, फ्रिजमागच्या प्लगमध्ये. कारण काकू तिथे असतात.

बाहेरून दाबलं. शांतता.

‘खोक्यावर शंभर मीटर लिहिलंय,’ नाना हबकले. त्याखालची बारीक अक्षरं मी वाचून दाखवली: मोकळ्या जागेत. ‘मोकळ्या मैदानात बेल वाजवायला जाणार कोण?’ काकूंनी आतून विचारलं. दार ते फ्रिज अंतर होतं जेमतेम नऊ मीटर.

वहीत तक्रार चढली आणि मला जिन्यात उभं केलं गेलं. नानांची पद्धत मात्र मानली पाहिजे. ‘एकदा वाजली म्हणजे चालू’ हे त्यांना मान्यच नाही. दहा वेळा दाबायचं, प्रत्येक वेळी सूर संपेपर्यंत थांबायचं आणि किती वेळा वाजली ते लिहायचं. पहिली नोंद: दहापैकी दोन.

पहिला संशय बॅटरीवर आला. ‘लाल दिवा लागतोय की!’ मी म्हणालो. नानांनी माझ्याकडे शिकाऊ लाइनमनकडे बघावं तसं बघितलं. दिवा पेटायला थोडकी वीज पुरते. बॅटरी थकली तरी तो लागतो, लहर मात्र दुबळी पडते. ती बारा व्होल्टची, करंगळीच्या पेराएवढी बॅटरी. मीटर लावून बटण दाबलं, तर आकडा नऊच्या खाली घसरला. खोक्यातूनच शिळी आलेली. नवी घातली: दहापैकी चार.

मग त्यांनी बटण दारावरून उचकटून हातात धरलं. सात! चोर सापडला. बटणातला अँटेना म्हणजे पट्टीवरची एक छोटीशी रेघ. तिच्या पाठीला लोखंड टेकलं की लहर बाहेर पडण्याऐवजी तिथेच मार खाते. बटण लाकडी चौकटीवर गेलं. ज्यांची चौकटही लोखंडी असेल, त्यांनी मध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा घालावा, असा शेराही वहीत पडला.

राहिला फ्रिज. तोही लोखंडाचं कपाटच, आणि बेल त्याच्या सावलीत. एक्स्टेन्शन बोर्डाला बेल लावून नाना घरभर आरती फिरवावी तसे फिरले. गंमत म्हणजे, एकाच भिंतीशी बेल वीतभर सरकवली तरी आकडा बदलत होता. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी कुठे एकमेकींना साथ देतात, कुठे मारतात. पॅसेजच्या प्लगवर नऊ मिळाले. शेजारचा स्वस्तातला एलईडी बल्ब बंद केल्यावर दहा. त्या बल्बच्या सर्किटचा गोंगाट बेलच्या कानात जात होता.

इथे शहाणा माणूस थांबला असता. नाना सोल्डरिंग आयर्न घेऊन आले. ‘बटणाची लहर ४३३ मेगाहर्ट्झची. तीनशे भागिले ४३३ म्हणजे एकोणसत्तर सेंटिमीटर. त्याचा चौथा हिस्सा सतरा. सतरा सेंटिमीटरची वायर बेलला डकवतो. लोक हातभर लांब लावतात, त्यानं फायदा होईलच असं नाही.’ हिशोब चोख होता. पण बेल उघडल्यावर ते स्वतःच गप्प झाले. प्लगमध्ये खोचायच्या स्वस्त बेलमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, सर्किट थेट २३० व्होल्टशी जोडलेलं असतं. बाहेर लोंबणारी वायर म्हणजे पाहुण्यांसाठी शॉकची सोय. ‘मिटवा ते,’ काकू म्हणाल्या. नानांनी मिटवलं आणि वहीत ‘तक्रार निवारण’ असं लिहून सही केली.

आता बेल दहापैकी दहा वाजते. फक्त सेफ्टी डोअरवर टेपचा चौकोनी काळा डाग राहिला आहे, आणि कुरियरवाले तोच दाबत बसतात.