३१ मार्चपर्यंत वैध

नोकरी सोडायची ठरली की माणूस आधी एक्सेल उघडतो. मीही उघडलं. डाव्या बाजूला नोकरीतलं उत्पन्न, उजव्या बाजूला स्वतंत्र सल्लागार झाल्यावरचं. डावीकडे एक किरकोळ ओळ होती, 'ग्रुप मेडिक्लेम, वार्षिक ३१,२०० रुपये'. सीटीसीच्या पत्रकात ती नेहमी तळाशी, ग्रॅच्युइटीच्या शेजारी अंग चोरून बसलेली असायची. उजवीकडे मीही तेवढेच ३१,२०० खर्चात टाकले आणि विषय संपवला. तेवढ्यात दुसरी पॉलिसी घेऊन टाकू, त्यात काय!

हा आकडा कंपनीला पडणारा होता, मला पडणारा नव्हे, हे त्या एक्सेलला कळणं शक्य नव्हतं. मला कळायला हवं होतं, कारण मी फायनान्समध्ये होतो.

कंपनी पॉलिसी घेते ती अख्ख्या जथ्याची. त्यात कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली शेकडो पोरं असतात, ज्यांचा वर्षाचा आजार म्हणजे सोमवारची डोकेदुखी. त्यांच्या हप्त्यातून माझी बहात्तर वर्षांची आई सांभाळली जात होती. तिला मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी आहे. पण ग्रुप पॉलिसीने त्याबद्दल चकार शब्द विचारला नव्हता. नाव आणि जन्मतारीख भरली, आई आत. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून मान्य. पंचविशीतल्या अविवाहित पोराला त्या ओळीची किंमत जवळपास शून्य आणि माझ्यासारख्याला भरपूर. छापलेला आकडा मात्र दोघांच्या पत्रकात सारखाच.

राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी केक कापला, भाषण केलं, लॅपटॉप परत केला. एचआरकडून निघताना एक लांबलचक मेल आला होता, 'एक्झिट फॉर्मॅलिटीज'. पीएफ, ग्रॅच्युइटी, फॉर्म १६ एवढं वाचून मी तो मिटवला. पुढचा परिच्छेद विम्याचा होता.

आईच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी नोव्हेंबरातच तारीख देऊ केली होती. मी म्हटलं, "आई, नोकरी सुटली की मी मोकळाच आहे. आरामात करू." अशा रीतीने विमा असताना वेळ नव्हता आणि वेळ मिळाला तेव्हा विमा नव्हता, ही घटना मी स्वतःच्या हाताने, नियोजनपूर्वक घडवून आणली.

डिसेंबरात रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर मी रुबाबात ई-कार्डाची जुनी प्रिंट ठेवली. तिथल्या मुलाने नंबर घातला, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, मेंबर इनॅक्टिव्ह दाखवतंय."

"शक्यच नाही. हे बघ, ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध. छापलंय."

"ती पॉलिसीची तारीख आहे काका, तुमची नाही. कंपनी सोडलीत का?"

पॉलिसी कंपनीची होती, ती मार्चपर्यंत चालू राहणार होती. मी तिच्यातला एक सभासद. कंपनी दर महिन्याला विमा कंपनीला यादी पाठवते, नवे आले कोण आणि गेले कोण. त्या यादीत माझं नाव 'गेले' मध्ये होतं, आणि माझ्यामागोमाग बायको, मुलगी, आई सगळेच. संरक्षण संपलं कामाच्या शेवटच्या दिवशी.

मी पुरावा म्हणून फोनवर विम्याचं अ‍ॅप उघडायला गेलो. ओटीपी मागितला. तो गेला माझ्या ऑफिसच्या ईमेलवर. तो ईमेल केकचा शेवटचा तुकडा संपायच्या आत बंद झाला होता.

मागे रांगेत एक आजोबा होते. त्यांनी अतिशय प्रेमाने विचारलं, "पहिल्यांदाच आलात का?"

ऑपरेशन केलं, खिशातून. बासष्ट हजार. घरी येऊन मी एचआरचा तो मेल शोधला. स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवायचं शहाणपण मला चुकून सुचलं होतं. विम्याच्या परिच्छेदात लिहिलं होतं की ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. याला 'मायग्रेशन' म्हणतात आणि विमा नियामकाच्या नियमांत ती सोय आहे. आमच्या पॉलिसीत अर्जाची मुदत ३० दिवसांची होती, आणि नशिबाने ती संपायला थोडी बाकी होती. दुसऱ्या कंपनीकडे जायचं असेल तर ते त्यानंतर. आधी याच घरातून वेगळं बिऱ्हाड मांडायचं.

धावत विमा कंपनीच्या शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी फॉर्म दिला आणि कोटेशन काढलं. आम्हा तिघांची पाच लाखांची फ्लोटर सत्तावीस हजार. आईची एकटीची पाच लाखांची अठ्ठावन्न हजार, तीही वैद्यकीय तपासणीत पास झाली तर. मायग्रेशनचा हक्क आहे म्हणजे डोळे मिटून घेतात असं नाही; रक्ततपासणी होते, जोखीम पाहून हप्ता वाढवूही शकतात. "२२ सप्टेंबरपासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही हो," बाई म्हणाल्या. मी आभार मानले. पंच्याऐंशी हजार बघून माणसाने कुणाचे तरी आभार मानायलाच हवेत.

घरी बायकोने माझं एक्सेल मागवून घेतलं. ३१,२०० वर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे तुझ्या पगारात आई जवळजवळ फुकट होत्या. आणि आपल्याला वाटत होतं, पगार कमी आहे."

"तरी बाहेरून नवीनच घेतली तर?" मी पुन्हा शाखेत जाऊन बाईंना विचारलं. एजंट मित्राने तेच सुचवलं होतं, कारण त्यात त्याचं कमिशन होतं. बाईंनी शांतपणे सांगितलं: नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस काहीच नाही, मोतीबिंदूसारख्या ठरावीक आजारांना त्यांच्याकडे दोन वर्षं थांबावं लागतं आणि आधीपासूनच्या मधुमेहाला तीन. मायग्रेशनमध्ये मात्र ग्रुपमध्ये काढलेली वर्षं मोजली जातात. आई आमच्या पॉलिसीत येऊन दोन वर्षं उलटली होती. म्हणजे मोतीबिंदूची प्रतीक्षा संपलेली, मधुमेहाची एक वर्ष शिल्लक. हे श्रेय पूर्वीच्या पाच लाखांपुरतंच. रक्कम वाढवली तर वाढीव भागाला पुन्हा नव्याने मोजणी. मी दहा लाख लिहिले होते. खोडले.

फॉर्ममध्ये आधीच्या आजारांचा रकाना होता. आईने स्वतः सांगितलं, "सगळं लिही. गोळ्यांची नावंसुद्धा. लपवलंस तर उद्या क्लेमच्या वेळी तेच काढतील." तिच्या वर्तमानपत्रातल्या वाचनाचा मला पहिल्यांदाच धाक वाटला. तपासणी झाली, एचबीए१सी जरा जास्त निघाला, हप्ता थोडा चढला, पॉलिसी आली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आता त्याच पॉलिसीत होणार होतं. मी निर्धास्त होतो. आईने उजव्या, नव्याकोऱ्या डोळ्याने पॉलिसीचं पुस्तक हाती घेतलं, चष्म्याशिवाय, आणि चौदाव्या पानावर थांबली.

"अरे, मोतीबिंदूला इथे एका डोळ्याची मर्यादा लिहिली आहे. चाळीस हजार. वरचे बावीस तू देणार का?"